फ्रिजचा फोटो आला, आता काय सुचवायचं?

संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास मोबाइलवर फोटो येतो. उघडा फ्रिज, आतला पिवळट दिवा, तीन फळ्या, दारात अंडी आणि सॉसची बाटली. खाली दोनच शब्द, ‘काय करू?’ पाठवणारा भाचा असतो, नवीन लग्न झालेली मैत्रीण असते, नाहीतर बायको माहेरी गेलेला शेजारी. अंडं चालतं का, हाताशी किती वेळ आहे, फोडणी करता येते का, यातलं काहीच तो कळवत नाही. त्याला भूक लागलेली असते आणि फोटोत सगळं आलंच आहे असं त्याला मनापासून वाटत असतं.

अशा वेळी ज्याला स्वयंपाकातलं कळतं, त्याचाही दोनपैकी एका ठिकाणी पाय घसरतो. एक तर तो उलटे प्रश्न विचारत सुटतो: किती जण आहात, तिखट चालतं का, मिक्सर आहे का, उद्या डब्याला हवं का? चौथ्या प्रश्नापर्यंत समोरच्याने बाहेरून मागवलेलं असतं. नाहीतर तो स्वतःच्या आवडीचा पदार्थ ठोकून देतो आणि मग ‘कसुरी मेथी नाहीये’, ‘मिक्सर बिघडलाय’, ‘मी लसूण खात नाही’ अशी उत्तरं येऊ लागतात. या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे. जी माहिती मिळालेली नाही तिच्यावर पदार्थाचा पाया उभाच करायचा नाही. सुरुवात बहुतेक कोणालाही चालेल अशी करायची आणि ज्या गोष्टी माणसागणिक बदलतात त्या शक्य तितक्या शेवटी घालायच्या. म्हणजे निवड करणाऱ्याच्या हातात राहते आणि त्याने आधी काही सांगितलं नसलं तरी अडत नाही.

टीव्हीवर हा खेळ फार सोपा वाटतो. बीबीसीवर 1994 साली ‘रेडी स्टेडी कुक’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. स्पर्धक पाच पौंडांत घेतलेलं सामान पिशवीतून आणायचे, ते ओट्यावर ओतलं जायचं आणि दोन व्यावसायिक शेफ त्यातून वीस मिनिटांत दोन-तीन पदार्थ उभे करायचे. बघणाऱ्यांना कौतुक त्या पिशवीचं वाटायचं, पण खरी भिस्त असायची शेफच्या मागच्या कपाटावर. तेल, पीठ, मसाले असं जुजबी सामान तिथे तयार असे. शिवाय वेळ ठरलेली होती आणि हात कसलेले होते, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. फ्रिजच्या फोटोत नेमकी तीच तीन उत्तरं नसतात. मागचं कपाट दिसत नाही, घड्याळ दिसत नाही आणि हात कोणाचे तेही दिसत नाही.

मराठी घरात तर कपाटाचा मुद्दा जास्तच मोठा. कांदे-बटाटे टोपलीत, लसूण जाळीत, पोहे, रवा, बेसन, डाळी, तांदूळ आणि दाण्याचा कूट डब्यांत, हळद, तिखट, मोहरी, हिंग मिसळणाच्या डब्यात. रोजच्या जेवणाचा निम्म्याहून जास्त जीव फ्रिजबाहेर असतो. फ्रिजमध्ये उरतं ते नासणारं किंवा उरलेलं. त्यामुळे फोटोवरून पदार्थ सुचवणाऱ्याला काही वस्तू गृहीत धराव्याच लागतात, फक्त त्या गुपचूप धरायच्या नाहीत. ‘तेल, मोहरी, हळद, मीठ आहे असं धरून सांगते. बेसन नसेल तर कळव,’ एवढं एक वाक्य पहिल्याच निरोपात हवं. न दिसणाऱ्या वस्तूंची यादी यापेक्षा लांबू लागली, की तो पदार्थ त्या फ्रिजमधून निघालेला नाही, सुचवणाऱ्याच्या डोक्यातून निघालेला आहे, हे ओळखावं.

जे दिसतं तेही फसवं असतं. प्लॅस्टिकच्या डब्यातलं पांढरं काय आहे? दही, इडलीचं पीठ, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि कालची खीर फोटोत सारखीच दिसतात. स्टीलचा झाकण लावलेला डबा तर काहीच सांगत नाही. कागदात गुंडाळलेली हिरवी जुडी कोथिंबीर असेल नाहीतर शेपू, आणि या दोघांची अदलाबदल झाली तर जेवणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. फ्रिजच्या पिवळ्या दिव्यात ताजी पालेभाजीही पिकल्यासारखी वाटते. भाज्यांचा खालचा कप्पा बंद असेल तर मुख्य ऐवज त्यातच दडलेला असतो. जे ओळखता येत नाही ते सोडून द्यावं किंवा सरळ विचारावं. त्यावर पदार्थ रचू नये. पांढऱ्या डब्यात दही आहे असं धरून कढी सांगितली आणि निघालं इडलीचं पीठ, तर नवख्याची कढी कुठवर जाईल याचा नेम नाही.

आहाराचा अंदाज बांधण्याचा मोह सगळ्यात मोठा आणि सगळ्यात धोक्याचा. दारात अंडी दिसली म्हणून पाठवणारा अंडी खातो असं ठरत नाही. ती रूममेटची असतील. एकाच घरात आजी अंड्याचं भांडंही वेगळं ठेवायला लावतात आणि नातू रोज दोन अंडी खातो, हे चित्र काही दुर्मीळ नाही. पुण्यात चौघांनी घेतलेला फ्लॅट असो की परदेशात शिकणाऱ्या मुलांचं घर, तिथे फ्रिजची एक फळी एकाची, दुसरी दुसऱ्याची अशी वाटणी असते आणि फोटो मात्र सगळ्या फ्रिजचा येतो. उलट मासे-मटण दिसलं नाही म्हणून माणूस शाकाहारी ठरत नाही. कदाचित तो गुरुवार असेल. पनीरच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका त्या पनीरबद्दल सांगतो, घरातल्या माणसांबद्दल नाही.

फोटोत नसलेली पण सुचवणाऱ्याला आयती ठाऊक असलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे आजची तारीख. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार असेल तर उत्तराची दिशाच बदलते. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ खाऊन पुढे चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगं बंद करणारी घरं अजून आहेत. जैन घरात कंदमुळांचा प्रश्न बारा महिने असतो. म्हणून कांदा हा पदार्थाचा आधार नसावा, असला तर छान आणि नसला तरी चालेल अशा जागी असावा. दारात इन्सुलिनची कुपी दिसू शकते, कारण न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवावं लागतं. ती दिसली तर ‘तुला शुगर आहे का?’ असं विचारू नये. घरातल्या कोणाची आहे हे फोटोवरून कळत नाही आणि त्याने ते सांगितलेलंही नाही. पाच पर्यायांत भाताचा पर्याय पहिला न ठेवता पोळी-भाकरीबरोबरचा ठेवला, की काम भागतं.

आता एक फोटो समोर घेऊ. वरच्या फळीवर दुधाचं पातेलं, एका वाडग्यात झाकलेला भात, शेजारी स्टीलचा बंद डबा. मधल्या फळीवर दह्याचा डबा, दोनशे ग्रॅम पनीरचं न फोडलेलं पाकीट, पिशवीत अर्धा कोबी. खाली पालकाची एक जुडी, कडांनी मरगळलेली, तीन टोमॅटो, चार-पाच हिरव्या मिरच्या. दारात चार अंडी, अर्धं लिंबू आणि सॉस.

दहापैकी आठ जण हा फोटो बघून ‘पालक पनीर कर’ म्हणतील. पालक दिसतोय, पनीर दिसतंय, जोडी जमली. पण हा सल्ला तपासून बघा. पालक उकळत्या पाण्यातून काढायचा, गार करायचा, मिक्सरला फिरवायचा. कांदा-टोमॅटो बारीक चिरून तेल सुटेपर्यंत परतायचे, आलं-लसूण हवं, गरम मसाला हवा. तीन भांडी पडतात, मिक्सर लागतो, सवय नसलेल्याला पाऊण तास सहज जातो आणि दुधाचं चालत नसेल तर सगळंच मुसळ केरात. वेळ, हातोटी, आहार या तिन्ही न कळलेल्या बाबतीत त्याने समोरच्याला सोयीचं ते उत्तर गृहीत धरलेलं आहे.

फोटो वाचताना पहिला प्रश्न ‘यातून सगळ्यात चांगलं काय होईल?’ हा नसावा. आज काय वापरलं नाही तर उद्या टाकावं लागेल, हे आधी बघावं. याचं उत्तर आहाराच्या सवयीवर अवलंबून नसतं, म्हणून ते कोणालाही लागू पडतं. या फोटोत पालक पहिला. कडेने मरगळलेली जुडी आणखी एखादा दिवस निघेल, मग पानं चिकट, काळपट होतात. अर्धा कोबी चार-पाच दिवस आरामात थांबतो, फार तर कापलेल्या बाजूची एक चकती काढून टाकावी लागते. अंडी फ्रिजमध्ये काही आठवडे राहतात. पनीर पाकिटावरच्या तारखेपर्यंत थांबेल, फक्त ते फोडलं की घड्याळ सुरू होतं. म्हणून पनीरचं पाकीट आज फोडायची घाई करू नये. वाडग्यातला भात मात्र पालकाच्याही पुढचा असू शकतो, पण तो किती जुना हे फोटो सांगत नाही. त्याच्याकडे पुढे येऊ.

म्हणजे आजचा नायक पालक. त्याचं काय करायचं? पीठ पेरून भाजी. एक कढई, एक सुरी, मिक्सर नाही. दूध, अंडं, दाणे यांतलं काही नाही. कांदा घातला तर बरा, नाही घातला तरी पालक आणि बेसन आपापलं काम करतात. पोळी, भाकरी, पाव, भात, कशाशीही खाता येते. सराईत हाताला वीस मिनिटं, नवख्याला अर्धा तास.

जुडी मोडून चिकट झालेली पानं टाकून द्यायची, नुसती मलूल असलेली ठेवायची. गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवली तर ती बऱ्यापैकी तरतरीत होतात आणि मातीही खाली बसते. मग ती पाण्यातून वर उचलून घ्यायची. पाणी ओतून दिलं तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. चाळणीत निथळून जाडसर चिरली, की साधारण चार वाट्या भरतात. पालक नीट निथळणं इथे महत्त्वाचं, कारण ओल्या भाजीवर पडलेल्या पिठाच्या गुठळ्या होतात आणि बिघडणारी भाजी बहुतेक वेळा इथेच बिघडते.

कढईत दोन मोठे चमचे तेल. ते तापल्यावर अर्धा लहान चमचा मोहरी. मोहरी तडतडायची थांबत आली की हिंग, पाव चमचा हळद आणि दोन मिरच्यांचे तुकडे. कांदा घालायचा असेल तर इथे, आणि तो काचेसारखा दिसेपर्यंत परतायचा. मग पालक. कढईवर डोंगर दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो, पण दोन-तीन मिनिटांत त्याचा पाव हिस्सा होतो. मीठ तेव्हा घालायचं, आधी नाही. डोंगराच्या मापाने मीठ घातलं तर बसलेल्या भाजीत ते जहर होतं. अर्धा लहान चमचा पुरतं, कमी वाटलं तर शेवटी वाढवता येतं.

कढईत पालक बसला आहे आणि सुटलेलं पाणी जवळपास आटलं आहे, ही स्थिती लक्षात ठेवावी. इथवर दहा-बारा मिनिटं गेलेली असतात आणि अजून काहीच ठरलेलं नसतं. या टप्प्यापर्यंत जे कढईत पडलं ते शाकाहाऱ्याला चालतं, अंडी खाणाऱ्याला चालतं, दूध वर्ज्य असलेल्याला चालतं, आणि कांदा वगळला असेल तर जैनालाही चालतं, फक्त काही घरांत चातुर्मासात पालेभाजीच बंद असते ते सोडून. आता फाटे फुटतात.

बेसन असेल तर पाव वाटी बेसन चिमटी-चिमटीने पेरत ढवळायचं, गॅस बारीक करून झाकण ठेवायचं. पाच मिनिटांनी झाकण काढून खालून वर परतायचं. पिठाचा फिकट रंग जाऊन ते सोनेरी, मोकळं दिसलं आणि कच्चा वास गेला की झालं. कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारायचा, ओलं वाटलं तर आणखी एक चमचा पीठ. बेसन नसेल आणि अंडी चालत असतील तर त्याच पालकावर दोन अंडी फोडायची आणि ओला चकचकीतपणा जाईपर्यंत, दोन-तीन मिनिटं, हलवत राहायचं. ही पालकाची भुर्जी झाली. अंडी चालत नाहीत, दुधाचं चालतं आणि पनीर फोडायची तयारी आहे, तर निम्मं पाकीट हाताने कुस्करून घालायचं आणि मिनिटभर परतायचं. मुळात पालक पनीरची इच्छा होती त्यालाही काहीतरी मिळतं, मिक्सर न धुता. आणि वाडग्यातला भात खाण्याजोगा असेल, तर तो मोकळा करून या पालकातच घालायचा, वर लिंबू पिळायचं.

चार जेवणं, एकच सुरुवात. मावशीने भाच्याला पाठवायचा निरोप मग असा होतो:

‘आधी पालक संपव, उद्या तो टाकावा लागेल. निवडून, धुऊन, निथळून चिरून घे. मोहरी-हिंग-हळदीची फोडणी कर, दोन मिरच्या टाक, मग पालक. खाली बसला की मीठ, अर्धा लहान चमचा. पाणी आटलं की बेसन पेर, पाव वाटी, झाकण ठेवून पाच मिनिटं. बेसन नसेल तर दोन अंडी फोड. दोन्ही नको असेल तर पनीर कुस्कर. तेल, मोहरी, हळद आहे असं धरलंय. भात कालचा की परवाचा? बाहेर किती वेळ होता? आणि तुला काही सोसत नसेल तर आत्ताच सांग.’

या निरोपात पदार्थाचं नाव कुठेही नाही, हे मुद्दाम. नाव सांगितलं की माणूस त्या नावाची पाककृती शोधायला जातो आणि तिथे आणखी सहा वस्तू निघतात. प्रश्नही शेवटी आहेत, आणि दोनच. तोवर भाचा पालक निवडू शकतो, उत्तर काहीही असलं तरी.

हे दोन प्रश्न मात्र टाळता येत नाहीत, कारण त्यांची उत्तरं चवीपुरती नाहीत. पहिला भाताचा. शिळ्या भाताला फोडणी घालणं हे मराठी घरातलं जुनं काम आणि रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला भात सकाळी खाल्लेले लोक घरोघर भेटतील. तरीही शिजलेल्या भाताचा धोका खरा आहे. तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जातंच असं नाही, म्हणजे खरपूस फोडणीचाही इथे उपयोग नाही. ब्रिटनमधल्या अन्नसुरक्षा यंत्रणेचा सल्ला असा, की भात शक्यतो तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि 24 तासांच्या आत संपवावा. फोटोत भात फ्रिजमध्ये दिसतो, तो तिथे कधी आला हे दिसत नाही. रात्री दहाला शिजलेला भात सकाळी आठला आत गेला असेल तर तो वासाला चांगला असूनही वापरण्याजोगा नाही. उत्तर ‘आठवत नाही’ असं आलं तर भाताचा फाटा बंद करायचा. दोन वाट्या भातासाठी रात्रभर उलट्या कोणी काढायच्या?

फोटोवरून ‘हे खा, चांगलं आहे’ असं कोणत्याच उरलेल्या पदार्थाबद्दल सांगू नये. वास, चिकटपणा, झाकणाखालचा फेस, वीज किती तास गेली होती, यांतलं काही कॅमेरा टिपत नाही. उघडपणे बुरशी दिसली तर ‘टाक’ म्हणता येतं. त्याच्या उलट सांगायचा अधिकार फोटो देत नाही. त्या बंद स्टीलच्या डब्यालाही हेच लागू. आत आमटी असेल आणि ती कालची असेल तर ती खळखळून उकळून पिठाच्या भाजीबरोबर भातावर घेता येते, पण ते डबा उघडणाऱ्याने ठरवायचं.

दुसरा प्रश्न सोसण्याचा. ‘काही ॲलर्जी आहे का?’ या प्रश्नाला बरेच जण सवयीने ‘नाही’ म्हणतात. ‘काय खाल्लं की त्रास होतो?’ असं विचारलं की उत्तर येतं. महाराष्ट्रात दाण्यांची बाब सगळ्यात अवघड, कारण कूट आपण विचार न करता भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत घालतो आणि कित्येक घरांत फोडणीचं तेलच शेंगदाण्याचं असतं. दाणे सोसत नाहीत असं कळलं तर कूट टाळून भागत नाही, तेलाचा डबाही बघायला लावावा लागतो. गव्हाचं पथ्य असलेल्याला बेसनाची भाजी निर्धोक वाटते, पण तिथे हिंग आडवा येतो. बाजारात मिळणाऱ्या बांधणी हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. डबीवरची यादी वाचायची, नाहीतर त्या दिवशी हिंगाला सुट्टी द्यायची. चिमूटभर वस्तू, पण ती फोडणीतच पडते, म्हणजे सगळे फाटे फुटायच्या आधी. म्हणून हा प्रश्न पहिल्याच निरोपात हवा, कढई तापायच्या आत.

हाताची सवय फोटोवरून ओळखायचा प्रयत्न माणसं हमखास करतात. तयार आलं-लसणाची पेस्ट दिसली की नवखा, कढीपत्ता आणि घरचं लोणी दिसलं की सुगरण. यात तथ्य थोडंच. दहा माणसांचं रांधणारी बाईही पेस्टची बाटली आणते आणि कढीपत्ता आईने डब्यातून पाठवलेला असू शकतो. त्यापेक्षा सूचना अशी लिहावी की नवख्याला पुरेल आणि जाणत्याला खुपणार नाही. ‘चवीपुरतं मीठ’ आणि ‘अंदाजाने पाणी’ हे ज्याला अंदाज आहे त्याच्यासाठी लिहिलेलं असतं. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’वर कित्येक पिढ्यांनी स्वयंपाक शिकला, त्यात वाटी-चमच्याच्या मापांचा वाटा मोठा आहे. वाटी प्रत्येक घरात असते, वजनकाटा नसतो. निरोपातही तेच माप चालवावं.

वेळेचंही तसंच. ‘सात मिनिटं परता’ हे ज्याच्या त्याच्या गॅसवर आणि कढईच्या जाडीवर अवलंबून. ‘मोहरी तडतडायची थांबत आली की’, ‘कांदा काचेसारखा दिसला की’, ‘पिठाचा कच्चा वास गेला की’ ही खूण कोणत्याही शेगडीवर लागू पडते, इंडक्शनवरसुद्धा. मिनिटं सोबत द्यावीत, पण खुणेच्या मागे. बिघडण्याची खूणही एखादी द्यावी. हिंग-हळद घातल्याबरोबर करपट वास आला तर तेल फार तापलं होतं. तेव्हा पालक घालून सावरायला जाऊ नये. ती फोडणी ओतून कढई पुसून पुन्हा सुरू करावं, कारण जळक्या हळदीचा कडवटपणा पुढे कशानेच झाकला जात नाही. नवख्याला हे कोणी सांगत नाही आणि तो पूर्ण भाजी करून मग टाकून देतो.

सल्ला जमला की नाही हे उत्तरावरून लगेच कळतं. ‘बेसन नाही, अंडी टाकतोय’ असा निरोप आला तर फाट्याने आपलं काम केलं. ‘अमुक नाही, तमुकही नाही, त्याच्याऐवजी काय?’ असे प्रश्न येऊ लागले तर तो पदार्थ सोडून द्यावा आणि फोटोकडे पुन्हा बघावं. या फोटोत तशी वेळ आली तर कोबी आहेच. बारीक चिरून त्याच फोडणीत परतला, वर टोमॅटो घातला, की पावाबरोबर पोट भरतं. आणि कढई तापवायचीच नसेल, माणूस इतका दमलेला असेल, तर कोबी-टोमॅटो चिरून दह्यात कालवायचे, मीठ, मिरची, चिमूटभर साखर घालायची आणि ब्रेड किंवा कालच्या पोळीबरोबर खायचं. तो दमला आहे हे फोटोत दिसत नव्हतं, म्हणून हा पर्याय पहिल्या निरोपात नव्हता. पण ‘खूप कंटाळा आलाय’ असं कळलं, की तो लगेच पुढे करावा. पालक उरला तर उरला. तसाच धुवायच्या आधी कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर उद्या सकाळच्या पराठ्याच्या कणकेत जातो.

पनीर मात्र कोणी फोडलंच तर उरलेलं निम्मं पाकिटात तसंच दुमडून ठेवू नये. डब्यात ते बुडेल इतकं पाणी घालून त्यात ठेवावं, पाणी रोज बदलावं आणि दोन-तीन दिवसांत संपवावं. परवाचा फोटो यायच्या आत.